चार सापांचं एक पान

परीक्षेला सात दिवस उरले होते, तेव्हा सर्पदंशाच्या गाईडलाईनचा मी केलेला पहिला तक्ता आजही माझ्याकडे आहे. आडवा धरलेला ए-फोर कागद. डावीकडे चार नावं खाली खाली लिहिलेली : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. त्यांच्यापुढे रकाने : विष कशावर काम करतं, लक्षणं, तपासणी, औषध. दिसायला तो तक्ता फार देखणा होता. नागाला निळी शाई, घोणशीला लाल. चुकीचा होता, एवढंच.

चूक माझ्या रूममेटने दाखवली. तो देवगडचा. फुरसं म्हणजे काय ते त्याला पुस्तकाआधी घरच्या कातळावर कळलं होतं. त्याने तक्ता हातात घेतला आणि मला केस दिली, परीक्षक तोंडी परीक्षेत देतात तशीच. ‘बावीस वर्षांचा मुलगा. पावसाळा, जमिनीवर झोपला होता. पहाटे चारला पोटात दुखायला लागलं. घरच्यांनी पित्ताची गोळी दिली. सहा वाजता पापण्या उचलेनात. अंगावर दंशाची खूण नाही, साप कोणी पाहिलेला नाही. सांग, तुझ्या कागदावर कुठून सुरुवात करू?’

मी बोट ठेवायला गेलो, पण ठेवायला जागाच नव्हती. माझ्या कागदावर पहिला प्रश्न ‘कोणता साप?’ असा होता आणि या मुलाकडे त्याचं उत्तर नव्हतं. बहुतेक रुग्णांकडे ते नसतंच. अंधार असतो, गवत असतं, कोणी काठीने मारून पिशवीत आणलेलं जनावर कधी साधी धामण निघते. पुस्तकात प्रकरणं सापांच्या नावांनी पाडली होती म्हणून मीही ओळी सापांच्या नावांनी पाडल्या. पण प्रकरण वाचणाऱ्याच्या सोयीचं असतं आणि तक्ता वापरणाऱ्याच्या. वापरणारा दारात उभा असतो. त्याला पेशंट दिसतो, साप दिसत नाही.

दुसरा कागद मी त्याच रात्री घेतला. डावीकडे आता सापांऐवजी दारातून दिसणाऱ्या गोष्टी आल्या. पापण्या पडताहेत. हिरड्यांतून, लघवीतून किंवा दंशाच्या जागेवरून रक्त थांबत नाही. सूज वर चढते आहे. आणि चौथी ओळ, जी पहिल्या कागदावर असणं शक्यच नव्हतं : काहीच दिसत नाही. सापांची नावं उजवीकडच्या टोकाला गेली, पेन्सिलीने, ‘बहुधा’ म्हणून. आपल्याकडचं एएसव्ही या चारही सापांच्या विषांवर एकत्र बनवलेलं असतं, त्यामुळे पहिली व्हायल फोडायला नाव लागत नाही. हे वाक्य मी गाईडलाईनमध्ये तीनदा वाचलं होतं. ते कळलं मात्र ओळी बदलल्या तेव्हा.

त्या मुलाची केस नव्या कागदावर पहिल्या ओळीत सरळ बसली. पापण्या पडताहेत, म्हणजे विष चेताप्रणालीवर काम करतंय. एएसव्ही 10 व्हायल, सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात; आधी टेस्ट डोस नाही, कारण त्यावरून रिअॅक्शन येणार की नाही ते कळत नाही. अॅड्रिनॅलिन मात्र सिरिंजमध्ये भरून उशाशी : मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अॅट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम आणि मागोमाग निओस्टिग्मीन 1.5 मिलिग्रॅम. मग घड्याळ लावून पापण्यांकडे बघत बसायचं. पापण्या उचलल्या तर बहुधा नाग, कारण त्याचं विष स्नायूच्या बाजूला कुलूप लावतं आणि निओस्टिग्मीन ते ढकलून उघडू शकतं. नाही उचलल्या तर बहुधा मण्यार. तिचं विष नसेच्या टोकालाच इजा करतं, तिथे ढकलायला काही उरत नाही. अशा वेळी निओस्टिग्मीन देत राहण्यात अर्थ नसतो, श्वासाकडे बघायचं असतं. एक ते दोन तासांत सुधारणा नाही किंवा पेशंट बिघडतोय, तर आणखी 10 व्हायल. एकूण 20, त्यापुढे नाही. पुढचं काम अंबू बॅगचं आणि व्हेंटिलेटरचं, कदाचित कित्येक दिवस.

‘आणि वीस मिनिटांची चाचणी?’ रूममेटने विचारलं. ‘त्याचं रक्त गोठलं. मग?’

माझ्या रकान्यात लिहिलं होतं : ‘रक्त गोठलं – एएसव्ही नको.’ वाक्य खरं होतं, पण दुसऱ्या ओळीचं. रक्तस्रावाच्या पेशंटसाठी. गाईडलाईनमध्ये ते एका ‘जर’नंतर येतं आणि दोन पानांचं चार शब्दांत करताना मी तो ‘जर’ टाकून दिला होता. मण्यारीच्या पेशंटचं रक्त व्यवस्थित गोठतं. माझा रकाना मानला असता, तर त्या मुलाला आम्ही कागदावर घरी पाठवलं असतं.

तेव्हापासून मी कात्री उलट्या बाजूने चालवायला शिकलो. आधी आकडे ठेवून शब्द काढायचो. आता आधी बघतो की कोणत्या वाक्यात ‘जर’, ‘तोवर’, ‘शिवाय’ आहे. ती वाक्यं शेवटपर्यंत कापायची नाहीत. जगात किती दंश होतात, घोड्यांपासून सीरम कसं काढतात, वर्गीकरण, जबड्यांच्या आकृत्या हे सगळं वाचून झालेलं असतं. शेवटच्या आठवड्यात ते पानावर नको. प्रथमोपचाराला दोन ओळी पुरतात : अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, दवाखाना गाठा.

पाचव्या दिवशी दुसरी अडचण आली. सकाळी उठून कोऱ्या कागदावर तक्ता आठवून काढायचा, मग मूळ कागदाशी ताडायचा, असा माझा नेम होता. त्या सकाळी चौकटी सगळ्या आठवल्या. पण ‘6 तास’ पापण्यांच्या ओळीत गेले होते आणि ‘1 ते 2 तास’ रक्तस्रावाच्या. 20 आणि 30 व्हायलचीही अदलाबदल. शेजारच्या चौकटींत नुसते आकडे ठेवले की ते रात्रीत जागा बदलतात. त्यांना धरून ठेवणारं काही नसतं.

म्हणून प्रत्येक आकड्याखाली मी बारीक अक्षरात कारण लिहिलं, तीन-चार शब्दांत. रक्तस्रावात पुढचा निर्णय 6 तासांनी का? विषाने रक्त गोठवणारी प्रथिनं संपवलेली असतात. एएसव्हीने विष निष्प्रभ झालं तरी यकृताला ती पुन्हा बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी रक्त गोठलं नाही म्हणून आणखी औषध ओतणं म्हणजे यकृताला वेळच न देणं. चौकटीत एवढंच : ‘6 तास – यकृत’. पापण्यांच्या ओळीत यकृत आणून बसवणं मनाला जमतच नाही, त्यामुळे तो आकडा पुन्हा कधी तिकडे गेला नाही.

10 व्हायलचंही तसंच. 2009 च्या राष्ट्रीय प्रोटोकॉलमध्ये हिशेब दिलेला आहे. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. एएसव्हीचा एक मिलिलिटर घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो आणि व्हायल 10 मिलिलिटरची, म्हणजे एका व्हायलला 6 मिलिग्रॅम. दहाला साठ. हा हिशेब कळला की लहान मुलांचा रकाना आपोआप भरतो. मुलांचं प्रत्येक औषध वजनाने भागायची सवय हाताला असते, आणि माझ्या हातानेही तिथे ‘प्रति किलो’ लिहून टाकलं होतं. पण साप मूल आहे म्हणून कमी विष सोडत नाही. मुलालाही 10 व्हायलच. वजनावर ठरतं ते सलाईन, अॅड्रिनॅलिन, अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मीन.

एक चौकट कित्येक दिवस रिकामी होती : रक्तस्रावाच्या ओळीतली निओस्टिग्मीनची. सहाव्या रात्री तिच्याकडे पाहून मला आठवेना की तिथे काही नसतं, की मी लिहायचं विसरलोय. ते शोधण्यात अर्धा तास गेला, आणि त्या आठवड्यात अर्धा तास फार मोठा असतो. मग सगळ्या रिकाम्या चौकटींत ‘लागू नाही’ लिहिलं. कोपऱ्यात कोणत्या साली निघालेल्या गाईडलाईनवरून हे उतरवलंय तेही लिहिलं, कारण सीनिअरकडून आलेल्या जुन्या नोट्समध्ये पहिला डोस ‘8 ते 10’ असा होता, माझ्या पुढ्यात 10 होता, आणि दोन्ही आपापल्या वर्षी बरोबर होते.

काही गोष्टी चौकटीत बसल्याच नाहीत. घोणस मुख्यतः रक्तावर आणि मूत्रपिंडांवर जाते, पण काही भागांत तिच्या दंशाने पापण्याही पडतात. तिला कोणत्या ओळीत ठेवायचं? शेवटी दोन ओळींना जोडणारा लाल बाण काढला. तक्ता त्या जागी कुरूप दिसतो आणि तिथेच तो सगळ्यात खरा आहे. सह्याद्रीतला हिरवा चापडा तर चौघांत नाहीच. त्याच्या दंशाने सूज येते आणि एएसव्ही त्याच्यावर चालत नाही. त्याच्यासाठी तळाला एक ओळ. मण्यारीच्या पेशंटबद्दलही एक ओळ मी समासात उभी लिहिली, कारण आडवी जागा संपली होती : बाहुल्या स्थिर, हात हलत नाही, उत्तर नाही, तरी तो मेलेला नसतो, त्याला ऐकू येत असू शकतं, बॅग दाबत राहा.

परीक्षेत सर्पदंश आला नाही.

पुढे मी ज्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालो, तिथे इमर्जन्सीच्या भिंतीवर त्या पानाची स्वच्छ प्रत लावली. पहिल्या पावसाळ्यात एका रात्री हाताला सूज असलेला शेतकरी आला. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं नाही. पण हिरड्या कोरड्या, लघवी स्वच्छ, सूज मनगटाच्या वर सरकलेली नाही. मी तक्त्यावर बोट ठेवून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचलो होतो. ड्युटीवरच्या सिस्टर सतरा वर्षं तिथे होत्या. त्यांनी नळी उजेडात धरली आणि विचारलं, ‘सर, ही धुतलेली आहे का?’

धुतलेलीच होती. साबणाने धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही, प्लास्टिकच्या नळीतही तेच. मावशींनी नवीन नळी आणली, सिस्टरनी दोन मिलिलिटर रक्त काढलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी केली. घट्ट गोळा. तरी शेतकऱ्याला घरी सोडलं नाही. चौथी ओळ तेच सांगते, चोवीस तास ठेवा, चाचणी पुन्हा पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी तो चहा पिऊन चालत गेला.

संध्याकाळी भिंतीवरच्या पानापाशी सिस्टर उभ्या होत्या. ‘तपासणी’च्या रकान्यात माझ्या छापील अक्षरांखाली त्यांनी बॉलपेनने लिहिलं होतं : नळी नवी, कोरडी, काचेची.