पांढुर्ण्याच्या दोस्ताला १ मे



१ मेला परराज्यातल्या मराठी मित्रांना मी शुभेच्छा पाठवतो. बडोदा, हैदराबादवाल्यांना लिहिणं सोपं. पांढुर्ण्याच्या दोस्ताशी मात्र हात थबकतो. त्याच्या घरात मराठी, सगळं शिक्षण हिंदीत. त्याला ‘आमचा महाराष्ट्र’ लिहिलं, की तो पाहुणा ठरतो.

खरं तर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत वर्धा आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते. ते मध्य प्रदेश, आणि त्याची राजधानी आपलं नागपूर! दुसऱ्या दिवशी राज्यांची फेरमांडणी झाली. वर्ध्यासह विदर्भ मुंबई राज्यात आला. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातलं पांढुर्णा, मध्य प्रदेशातच राहिलं. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. माझ्या अब्बांचा जन्म १९५० चा, वर्ध्यातलाच. घर न बदलता दहा वर्षांत त्यांनी तीन राज्यं पाहिली.

यंदा दोस्ताला एवढंच लिहिलं: “भाऊ, महाराष्ट्र दिन मुबारक. आपल्या दोघांच्या वडिलांचं राज्य एकच होतं. माझा पत्ता बदलला, तुझा तोच राहिला. बोली मात्र दोघांचीही तीच. मला तिचा अभिमान आहे, आणि त्यात तुझाही वाटा आहे.”

नारे नाहीत, नकाशा नाही. सीमेचा वाद मी त्यात आणत नाही. तो विषय वेगळा.

दुपारी उत्तर आलं: “तुलेही मुबारक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ये बे, गोटमार दुरूनच पाहू.”