नातवाचे कासव

गेल्या हिवाळ्यात शारजाहून लेकीचे तीन फोटो आले. खाली लिहिले होते, "अब्बा, पाठीवर टेंगळे आली आहेत आणि शेवाळही धरले आहे. काय करू?" नातवाचे कासव सव्वा वर्षाचे, सुलकाटा जातीचे, आफ्रिकेतले, जमिनीवर राहणारे. (आपल्याकडे तारा कासव घरात ठेवणे गुन्हा आहे, हे नातवाला आम्ही आधीच सांगून ठेवले होते.) आमच्यापैकी एकाने तीस वर्षे गुरांच्या दवाखान्यात काढली. म्हणून लेकीने विचारले, आणि आम्हीही चष्मे लावून बसलो.

टेंगळे फोटोत स्पष्ट होती. कवचाचा एकेक खण मधोमध उंचावून लहानशा मनोऱ्यासारखा दिसत होता. याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी सगळा दोष जास्त प्रथिनांच्या खाण्याला देत. पण 2003 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच मोठा दिसला. शारजाच्या फ्लॅटमध्ये रात्रंदिवस एसी! शिवाय एकदा आलेले टेंगूळ पुन्हा बसत नाही. ते झालेल्या वाढीची खूण असते. आज काय चालले आहे ते पाहायचे तर दोन खणांमधली फट पाहावी. तिथे नवी वाढ फिकट रेघेसारखी दिसते. ती सपाट येत असेल तर सुधारणा आहे, ती चढत असेल तर नाही.

हिरव्या रंगाचे आम्हाला कोडे पडले. शेवाळ पाण्यातल्या कासवाच्या पाठीवर धरते. कोरड्यावर राहणाऱ्याच्या पाठीवर ते कशाला धरेल? मग फोटोतल्या फरशीकडे लक्ष गेले. फरशी पांढरी असायला हवी होती, तीही हिरवट. खिडकीला हिरवा पडदा होता!

आम्ही लेकीला पुन्हा फोटो मागितले. या वेळी कासव ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, पांढऱ्या कागदावर ठेवायचे. बाजूला पट्टी. फ्लॅश नको, उजेड दिवसाचा. मोबाइल हातभर लांब धरायचा, कारण अगदी जवळून काढले की मधला भाग फुगून येतो आणि नसलेली टेंगळेही दिसतात. एक फोटो वरून, एक अगदी बाजूने, एक मागून, एक पोटाचा, आणि पोटाच्या फोटोसाठी त्याला क्षणभरच उचलायचे.

नव्या फोटोंत हिरवेपणा गेला. पण बाजूच्या फोटोने आम्ही दोघे गप्प झालो. मागच्या पायांच्या वर पाठ दबल्यासारखी होती आणि कडेचे खण वर वळले होते. पहिले तिन्ही फोटो वरून काढलेले, त्यात हे दिसूच शकत नव्हते. आम्ही आठवडाभर टेंगळांवरच बोलत राहिलो होतो, ही आमची चूक.

कवच मऊ आहे की नाही हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. फोटो फक्त संशय देतो, खात्री बोटालाच होते. लेकीला सांगितले, अंगठ्याने हलकेच दाब, पाठीच्या मागच्या कडेला आणि पोटावर. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे कवच थोडे दबते, ते चालते. पण सव्वा वर्षाच्या कासवाचे नखासारखे घट्ट लागले पाहिजे. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, "अम्मी, लिंबाच्या सालीसारखे दबते."

आम्ही इथून औषध सांगितले नाही. गुरांचा अनुभव इथे पुरत नाही, आणि ड जीवनसत्त्व अंदाजाने दिले तर जास्त होऊन अपाय करते. दुसऱ्याच दिवशी ती सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. एक्स-रेत हाडे विरळ दिसली. कारण साधे होते. दुकानदाराने सांगितले होते, खिडकीतले ऊन पुरेल. पण कासवाला कॅल्शियम जिरवण्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. पोरगा रोज प्रेमाने त्याला काचेमागे उन्हात बसवत होता.

डॉक्टरांनी यूव्हीबी नळी लावायला सांगितली आणि ती वेळेवर बदलायला बजावले, कारण प्रकाश दिसत राहतो पण हे किरण काही महिन्यांत घटत जातात. कॅल्शियमचे प्रमाण त्यांनी ठरवून दिले. शिवाय कुरतडायला माकुळाचे हाड. आपल्या किनाऱ्यावर ते पायाखाली येते, लेकीने तिथे पैसे देऊन घेतले. कोरड्या हवेवर उपाय म्हणून नारळाच्या सोडणांच्या ओल्या भुशाचा झाकलेला खोका ठेवला.

दर जुम्म्याला नातू त्याच कागदावर, त्याच पट्टीजवळ फोटो काढून पाठवतो आणि खाली लिहितो, "दाबून पाहिले." पाचव्या महिन्यात त्याने लिहिले, "घट्ट आहे, नाना." अल्हम्दुलिल्लाह. टेंगळे आहेत तशीच आहेत. त्यांच्यामधली फिकट रेघ मात्र आता सपाट येते आहे.