पाटी जाते, खडक राहायला हवा

भोपाळहून साधारण ४५ किलोमीटरवर भीमबेटका. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांच्या नजरेस पडलेले हे विंध्यातले वालुकाश्माचे खडक २००३ पासून जागतिक वारसा आहेत. फोटोंवर हात फिरवणाऱ्या माझ्यासारख्याकडे तिथलं काम आलं की मागणी बहुधा एकच: मधली पाटी काढा.

समजा, निळी पाटी दोन लोखंडी पायांवर उभी आहे. वरचा पत्रा खडकावर येतो, पाय पिकल्या गवतात. पाटी घालवणं सोपं. बोंब होते ती पोताची. मऊ कडेचा ब्रश नवा खडक अर्धवट उमटवतो आणि खालचा अर्धवट तसाच ठेवतो. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पोत निम्मे-निम्मे मिसळले की त्यांतला चढउतार सुमारे ७० टक्क्यांवर येतो. त्यावरून पुन्हा हात फिरवला की आणखी कमी. शेवटी खडक वापरलेल्या साबणासारखा दिसतो. म्हणून मी वेगळ्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प घेतो, कड बरीच कडक, अपारदर्शकता पूर्ण, आणि फटकारे मोजके. जोड लपवायला भेग शोधायची. वालुकाश्मात ती सहसा सापडतेच.

नमुना वरून-खालून उचलायचा नाही. खडकाचे थर आडवे जातात, म्हणून त्याच थरातून डावी-उजवीकडून घ्यायचा, आणि ऊन ज्या बाजूने पडलंय तशाच अंगाचा. हीलिंग ब्रश पाटीच्या कडेला लावला तर तो तिचा निळा रंग ओढून घेतो आणि डाग पडतो. आधी कड क्लोनने पुसली की मग तो चालतो.

गवताचं गणित वेगळं. लांबचं पातं बारीक दिसतं, त्यामुळे नमुना फोटोत त्याच उंचीवरून हवा. पायाच्या पुढे आलेली खरी पाती जशीच्या तशी ठेवतो. उरलेली बारीक ब्रशने बुंध्याकडून शेंड्याकडे. आणि पाटीची सावली? ती कधीच क्लोन करू नये. तिच्याखाली अस्सल गवत आहेच. Curves लेयरला मास्क लावून तेवढाच भाग उजळायचा आणि आकाशाच्या उजेडाने आलेली निळसर झाक थोडी पिवळ्याकडे न्यायची.

तपासायला वर तात्पुरता तीव्र कॉन्ट्रास्टचा Curves लेयर टाकतो. सपाट झालेला भाग ठिगळासारखा उठून दिसतो. फोटो आडवा उलटवला की दोनदा आलेला गवताचा झुबका पकडला जातो.

चित्रं असलेल्या खडकावरून मात्र नमुना उचलायचा नाही. हजारो वर्षांपूर्वीचं एखादं हरण नकळत दुसऱ्या जागी जाऊन बसेल. फोटो नोंदीसाठी असेल तर पाटी राहू देतो.