काळ्या बुडाचे पातेले

गेल्या जानेवारीतील गोष्ट. नाशिकची थंडी ऐन भरात होती. माझ्या एका जुन्या रुग्ण, सत्तरी ओलांडलेल्या काकू, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा दवाखान्यात आल्या. तक्रार तीच : सकाळी नऊच्या सुमारास डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, दुपारी बरे वाटते. रक्तदाब थोडा वाढलेला होता, म्हणून मी गोळीची मात्रा वाढवली होती. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अठ्ठ्याण्णव दाखवीत होते. जाता जाता त्या म्हणाल्या, "लेकीकडे चार दिवस होते तेव्हा काही झाले नाही बघा. आणि डॉक्टर, हल्ली भांडी घासून घासून मनगट दुखते, त्यालाही काहीतरी द्या."

मी मनगटाला मलम दिले. भांडी इतकी का घासावी लागतात, हे मात्र विचारले नाही.

आठवड्याने काकांना पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघराची खिडकी थंडीमुळे घट्ट बंद, पंखाही बंद. मोठ्या बर्नरवर अंघोळीच्या पाण्याचे पातेले होते. त्याच्या बुडाला हाताला लागेल अशी काजळी होती आणि खालची ज्योत पिवळी, लांब, पातेल्याला चाटणारी होती. काकू रोज तासभर तिथेच उभ्या असत. मी आधी खिडकी उघडली, मग शेगडी बंद केली.

जेट म्हणजे बारीक छिद्राची पितळी नळी. त्यातून वेगाने सुटणारा गॅस आपल्याबरोबर भोवतालची हवा नळीत ओढून घेतो. ही हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, आटोपशीर राहते. ती कमी पडली की अर्धवट जळलेल्या कार्बनची काजळी धरते, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला वास नाही. सिलिंडर गळल्यावर येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तो इशारा मिळत नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, म्हणूनच तो समाधानकारक आकडा दाखवतो. खरे प्रमाण रुग्णालयातील रक्ततपासणीतच कळते, आणि मोकळ्या हवेत काही तासांत ते उतरते. काकूंची ती तपासणी वेळेत झाली नाही, त्यामुळे माझे निदान मी सिद्ध करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅस वितरकाचा माणूस आला. लहान बर्नरची ज्योत निळी आणि जोमदार होती, म्हणजे रेग्युलेटर व गॅसचा दाब ठीक होता. दोन्ही बर्नर मंद, पिवळे असते, तर संशय रेग्युलेटर, मुडपलेली नळी किंवा संपत आलेला सिलिंडर यांवर गेला असता. दाब कमी असला की गॅसचा वेग मंदावतो आणि हवाही कमी ओढली जाते. इथे दोष एकाच बर्नरचा होता. त्याने सिलिंडर बंद करून गार झालेला बर्नर उचलला. उतू गेलेल्या दुधाने काही भोके बुजली होती, नळीत कोळिष्टक होते. ते साफ करूनही ज्योत पिवळीच. मग जेट काढला आणि काका ओशाळले. महिन्यापूर्वी ज्योत बारीक झाली, तेव्हा त्यांनीच जेटमध्ये सुई घालून तो "मोकळा" केला होता. पितळ मऊ असते. छिद्र रुंदावले, गॅस जास्त येऊ लागला आणि हवा अपुरी पडली. ज्योत मोठी झाली म्हणून ते खूश होते! चोंदलेल्या जेटमध्ये सुई घालू नये, तो बदलावा, हे त्या कारागिराने शांतपणे सांगितले.

नवा जेट बसवल्यावरही शेंडे पिवळेच राहिले. नळीवरची हवेची झडप घासताना सरकून निम्म्याहून अधिक मिटली होती. त्याने ती थोडी थोडी उघडली. शेंड्यांचा पिवळेपणा गेला, तरी आणखी किंचित फिरवून दाखवली. ज्योत फुरफुरत भोकांपासून उचलली गेली. "एवढी उघडायची नाही," म्हणत त्याने झडप जरा मागे घेऊन स्क्रू आवळला. (भाजीतले मीठ उडाले की क्षणभर नारिंगी ठिणग्या दिसतात, त्याचा या दोषाशी संबंध नाही.)

वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना एक सांगतो. घराबाहेर पडल्यावर थांबणारी किंवा घरातल्या दोघांना एकाच वेळी होणारी डोकेदुखी आढळली, तर शेगडी व पाणी तापवण्याचा गॅस गिझर आधी पाहा. कुणी गुंगले, गोंधळले तर प्रथम त्यांना मोकळ्या हवेत आणा, मग रुग्णालयात न्या, आणि तेथे गॅसचा संशय स्पष्ट शब्दांत सांगा.

काकूंची डोकेदुखी त्या आठवड्यात थांबली. दोन आठवड्यांनी रक्तदाब पाहून मी गोळीची मात्रा पूर्वीवर आणली. मनगटाचे मलम त्यांनी परत केले. निम्मेच संपले होते.