खाडाखोड

आजोबांच्या शोकसभेत वाचायचा कागद आदल्या रात्री पुन्हा उघडला. ‘दुःखद निधन’मधला ‘दुःखद’ आधी खोडला. निधन सुखद कधी असतं? मग ‘त्यांच्याद्वारे आम्हांला संस्कार दिले गेले’ हे सरकारी पत्रातलं वाक्य. त्याजागी लिहिलं, ‘आजोबा सुपारी कातरता कातरता पाढे म्हणून घ्यायचे. चुकलं की अडकित्ता थांबायचा.’ मोठ्याने वाचायचं, म्हणून ‘केले’चं ‘केलं’ केलं.

अडलो एकाच ठिकाणी. ‘आजोबांना चहा बिनसाखरेचा लागतो.’ काळ चुकला होता. सभेत ‘लागायचा’ असंच वाचलं, आवाज तिथेच अडखळला. कागदावर मात्र ‘लागतो’ तसंच आहे. आजी पहिल्या रांगेत होती; तिच्याकडे बघायचं मी टाळलं.