नाहनला भेटू

आपल्या शाळेपासून डेहराडून किती लांब, असे वर्गात विचारले की दोन उत्तरे येतात. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणारा कॅडेट सांगतो, साधारण 110 किलोमीटर. सुट्टीला त्या रस्त्याने गेलेला सांगतो, सव्वादोनशे, आणि गाडीतच दिवस जातो. दोघेही बरोबर असतात. भूगोल शिकवणारी म्हणून मी दोघांनाही गुण देते. पण गेल्या ऑक्टोबरात आईला भेटायचे ठरले, तेव्हा यातले फक्त दुसरे उत्तर माझ्या कामाचे होते.

आई साताऱ्याहून माझ्या धाकट्या भावाकडे डेहराडूनला आली होती. परत गेल्यावर तिच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन ठरलेले, म्हणजे पुढे वर्षभर तरी तिचा एवढा प्रवास होणार नव्हता. मी तिला चौदा महिन्यांत पाहिले नव्हते. सहामाहीच्या परीक्षा सुरू असल्याने रजा नाही. मोकळा फक्त एक रविवार, तोही संध्याकाळी सातच्या प्रेपपर्यंत. आईने चैलला यावे म्हटले तर पावणेसात तास गाडीत, त्यातला निम्म्याहून जास्त घाट, आणि तिला घाटात गाडी लागते. मी डेहराडूनला जावे तर पोहोचेपर्यंत परत फिरायची वेळ झालेली असणार. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मधले कुठले तरी गाव धर, दोघांना सारखे पडेल असे."

फोनवर आकडे हवेत विरतात आणि भावंडांचे बोलणे तिसऱ्याच विषयावर जाते. म्हणून मी मेल लिहायला बसले.

आधी गंमत म्हणून पट्टीचा मध्य काढून पाहिला. चैल आणि डेहराडून जोडणाऱ्या सरळ रेषेचा मध्य सिरमौर जिल्ह्यात गिरी नदीच्या पलीकडच्या डोंगरात पडतो, रेणुका तलावाच्या पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर. (हा तलाव परशुरामाच्या आईच्या नावाचा. माहूरला जाऊन आलेल्या माझ्या आईला एरवी तेवढ्यासाठीही तिकडे जायला आवडले असते.) दोघांनाही पक्ष्याच्या वाटेने 54 किलोमीटर. पण त्या भागात चढणारा चांगला रस्ता पावटा साहिबवरून सतौन, कमरऊकडे जातो. मी त्या रस्त्याने जायचे तर आधी नाहनवरून पावट्यापर्यंत, म्हणजे भावाच्या वाटेवरच, खाली उतरायचे आणि मग दोघांनी एकामागोमाग गाड्या घेऊन डोंगर चढायचा. नकाशावरचा मध्य हा असा असतो. तो दोन गावांच्या मध्ये असतो, दोन माणसांच्या मध्ये नसतो.

मग रस्त्याचे तुकडे केले. एवढ्या एका बाबतीत मी ॲपवर पूर्ण विसंबत नाही. ॲप एकूण वेळ देते, पण बहुतेकांनी ते आता निघालो तर किती एवढेच विचारलेले असते. निघण्याची वेळ आणि वार घालून कुणी पाहत नाही. चहाला थांबणे त्यात नसते, वयस्कर माणसाला पाय मोकळे करायला लागणारी दहा मिनिटेही नसतात. तुकडे पाडले की खोटा आकडा पटकन दिसतो. आमच्या बाजूच्या घाटात ताशी 30 किलोमीटरच्या फार वर सरासरी आली, तर कुणीतरी कागदावर गाडी चालवली आहे असे समजावे.

भावाला पाठवलेल्या मेलमधला हिशेब असा होता: "चैल ते कंडाघाट 29 किमी, 1 तास. तिथून सोलनवरून कुमारहट्टी 25 किमी, पाऊण तास. कुमारहट्टी ते नाहन 75 किमी, अडीच तास. नाहन ते पावटा 45 किमी, सव्वा तास. पावटा ते तुझे घर 45 किमी, सव्वा तास. एकूण 219 किमी, पावणेसात तास. आपण नाहनला भेटू."

त्याचे उत्तर तासाभरात आले. "ताई, हे कसले मधले? तुला सव्वाचार तास आणि आम्हाला अडीच. मी पण बेरीज करतो. पावणेसातचा अर्धा सुमारे तीन तास वीस मिनिटे. म्हणजे नाहनच्या अलीकडे, तुझ्या बाजूला कुठेतरी. आम्ही सराहनला येतो."

त्याची बेरीज चोख होती. काटेकोर मध्य नाहनच्या सव्वीस-सत्तावीस किलोमीटर अलीकडे येतो. तिथे एक वळण आहे आणि वळणाला दरी आहे. आईला बसवायला जागा नाही. त्यातल्या त्यात जवळचे गाव सराहन. (भीमाकाली मंदिराचे ते रामपूरकडचे सराहन वेगळे, हे सिरमौरमधले.) मला तीन तास, त्यांना पावणेचार तास. फरक पाऊण-एक तासाचा, नाहनपेक्षा कितीतरी न्याय्य.

इथे मी दुसरा मेल लिहिला, आणि मला वाटते की खरा मुद्दा त्यात होता. भेटीची जागा याच रस्त्यावर पुढेमागे सरकवली, तर आपल्या दोघांच्या प्रवासाची बेरीज तीच राहते, पावणेसात तास. एकही मिनिट वाचत नाही. फक्त ते कुणाच्या अंगावर पडते ते बदलते. रस्ता सोडून बाजूला गेलो तर बेरीज वाढते. चंदीगडचा विचार मी केला होता. मला तीन तास पडतात आणि रस्ता उत्तम. पण तुम्हाला नाहनच्या जवळून जाऊन पुढे आणखी दोन तास. म्हणजे साडेसात. तेव्हा रस्त्यावरच राहायचे, आणि प्रश्न उरतो तो कुणाचा तास किती जड हा.

डेहराडून ते पावटा दून खोऱ्यातला सपाट रस्ता. पावट्यानंतरही बराच भाग सपाट, नाहन येण्याआधीचा अर्धा-पाऊण तास काय ती चढण. आईला गाडी लागायची ती त्यानंतर. नाहन ते सराहन हा सव्वा तास निव्वळ वळणांचा, आणि तोच परतताना पुन्हा. न्याय करायचा म्हणून तो तिच्या पोटात घालायचा का?

भाऊ एवढ्यावर ऐकणारा नव्हता, म्हणून घड्याळही मांडले. सराहनला मी साडेआठला पोहोचू शकते, पण आईला सातच्या आधी बाहेर काढता येत नाही, म्हणजे तुम्ही 10:45 ला येणार. अंधाराआधी घाट उतरायचा तर तीनला निघणार. हाती सव्वाचार तास. नाहनला मी साडेपाचला निघून 9:45 ला पोहोचते. तुम्ही सव्वासातला निघालात तरी त्याच वेळी. मी सव्वादोनला निघाले तर साडेसहाला शाळेत, अर्धा तास हाताशी. एकत्र साडेचार तास. प्रवासाची वाटणी जास्त सारखी, आणि आईबरोबरचा वेळ पंधरा मिनिटे कमी, असा तो सराहनचा सौदा होता.

कॅडेट्सना नकाशावाचनात नेस्मिथचा नियम ठाऊक असेल: पायी चालताना दर 5 किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. 1892 साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने तो बसवला. नकाशावर आडवे अंतर दिसते, नियम त्यात उंचीचा वेळ घालतो. गाडीला मात्र तो तसाच्या तसा लागू होत नाही. चैल 2250 मीटरवर, नाहन 930 च्या आसपास. पण जाताना उतार आहे म्हणून गाडी धावत सुटत नाही. गाडीचा वेळ उंची खात नाही, वळणे खातात, आणि वळणे उतरतानाही तेवढीच असतात.

माझा मेल भावाने आईला वाचून दाखवला. तिचा निरोप शेवटी त्याच्याच मेलमध्ये आला: "आई म्हणते, मजल कुणी पट्टीने मोजतं का? नाहनला या म्हणावं." मजल म्हणजे एका दिवसाची चाल. आपले जुने लोक मजल दरमजल करत जायचे, आणि डोंगरातली मजल मैदानातल्या मजलेपेक्षा लहान असायची, तरी शब्द एकच. मी इतका वेळ जे दोन मेलमध्ये समजावत होते, ते तिने एका शब्दात संपवले. भूगोलाच्या शिक्षिकेने जरा खट्टू व्हावे असेच ते होते.

रविवारी मी 9:40 ला नाहनच्या चौगानावर पोहोचले. ते 10:10 ला आले. पावट्याला गुरुद्वाऱ्याच्या रविवारच्या गर्दीत यमुनेच्या पुलाजवळ गाड्या अडकल्या होत्या. वाराचा हिशेब मी घातला होता तो माझ्या बाजूने, सोलनच्या बाजारासाठी. पावट्याचा भावाने घालायचा होता. म्हणजे हाती चार तास आणि पाच मिनिटे. त्यातला बराच वेळ राणीतालच्या बागेत बाकावर गेला. आईने डब्यातून धपाटे आणले होते. ऑपरेशनची भीती वाटते हे तिने भावाला सांगितले नव्हते, मला तिथे सांगितले. कोणत्या गुडघ्याचे आधी करायचे, साताऱ्याला तिच्याजवळ कोण राहणार, मी डिसेंबरच्या सुट्टीत किती दिवस येणार, हे सगळे तिथेच ठरले. उठताना तिने दोन्ही हात माझ्या खांद्यावर टाकले, आणि वजन किती कमी झाले आहे ते मला कळले.

परतीला मला सव्वाचारऐवजी चार तास पस्तीस मिनिटे लागली. सोलनला संध्याकाळची वाहने, आणि नंतर कंडाघाटपासून चढ. 6:50 ला फाटकाशी होते. हाताशी ठेवलेल्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे उरली होती.

आईची ऑपरेशने झाली; ती आता काठीशिवाय घरात फिरते. जानेवारीत ती पुन्हा डेहराडूनला येणार म्हणते. भावाने उत्साहाने तारीखही धरली आहे. पण जानेवारीत चैल-कंडाघाट रस्त्यावर बर्फ असले तर पहिल्या तासाचे दोन होतात, आणि पावट्याच्या बाजूला सकाळी धुके असते, म्हणजे त्याचेही अडीच तास अडीच राहणार नाहीत. नवा हिशेब मी अजून मांडलेला नाही. त्याचा मेल मात्र येऊन पडला आहे. विषयाच्या जागी लिहिले आहे: "या वेळी सोलन?"