रोजचा एक पेला

पत्रातलं 'आपण दुर्लक्ष केलेत' हे वाक्य पुन्हा खोडलं. घरमालकांना मी काका म्हणते. पण छताच्या गळतीबद्दल मार्चपासून दर महिन्याला 'बघतो' एवढंच ऐकल्यावर पंधरा दिवसांची मुदत आणि भाड्यात कपात मागण्यावाचून काय उरतं?

पाणी कुठून येतं ते आता कळलंय. वरच्यांच्या आंघोळी झाल्या की अर्ध्या तासाने आमच्या छताला थेंब धरतो. मे महिन्यात ते आठ दिवस गावी होते. त्यांच्या नळाचा मुख्य कॉक उघडाच होता, तरी छत सुकलं. पाइप फुटला असता तर गळती थांबली नसती. म्हणजे दोष नहाणीच्या जाळीखालच्या सांध्यात आहे. त्यासाठी वरची फरशी उखडून कोबा फोडावा लागेल. खालून पुट्टी मारून झाली, महिन्याभरात पोपडे आले.

थेंबे थेंबे तळे साचे, असं आजी म्हणायची. परवा मी थेंब मोजले. तीन सेकंदांना एक, रोज दोनेक तास. पातेल्यात जेमतेम पेलाभर पाणी जमतं. मग तळं कुठे साचतं? ते छताच्या आत साचतं. सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. आईच्या पलंगावरच्या छतावर केसाएवढी एक तांबूस रेघ उमटली आहे. रोज सकाळी मी आधी ती बघते.

आजीच्या वाड्यात पावसाळ्यात माजघरात पाच भांडी मांडलेली असायची. मालकही त्याच वाड्यात राहायचे, त्यांच्याकडेही भांडी असायचीच. मे महिन्यात आजोबा आणि मालक मिळून कौलं शाकारायला चढायचे. खाली उभं राहून एकेक कौल वर देताना हाताला लागणारी ती खरखर अजून आठवते. ते दिवस चांगले होते, असंच मी सांगत आले. पण त्याच वाड्याची मागची भिंत एका श्रावणात बसली. भाडं वर्षानुवर्षं तेच होतं, मालकांच्या हाती दुरुस्तीला पैसा नव्हता. त्यांचं 'बघू' आणि काकांचं 'बघतो' यांत फरक किती?

1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला सोय आहे. नोटीस देऊन पंधरा दिवस थांबायचं, दुरुस्ती आपण करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण माझा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. कागदावर मी भाडेकरू नाहीच. शिवाय फोडायची फरशी ना माझी, ना काकांची. वरच्यांनी दार उघडलं नाही तर पंधरा दिवसांत काका तरी काय करणार?

आणि कपात किती मागायची? एका खोलीची? आई हल्ली बाहेरच्या खोलीत झोपते, रात्री दोनदा उठून विचारते, 'पातेलं ठेवलंस ना?' याचे किती रुपये लिहू? कपात मागून मीच त्या मागच्या भिंतीचा पैसा अडवतेय का, हेही कळत नाही.

मुदतीची तारीख लिहिली आहे. रकमेची जागा अजून कोरी आहे.